जलचक्राचे चित्र आणि आपला कालवा

(कळस येथे शनिवारच्या अभ्यासवर्गाला मदत करणाऱ्या मंडळींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. शाळेत आता मुलांना विषय घेऊन सादरीकरण करायला सांगतात. प्रोजेक्टर असतो, भिंतीवर चित्र दिसते, मूल पुढे उभे राहून बोलते. ज्या घरात संगणक आहे, काका किंवा ताई मदतीला आहेत, तिथली मुले रंगीत चित्रे घेऊन येतात. आपली मुले वस्तीवरून येतात. काहींचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात. मग चित्राची मदत आपल्याकडेच मागितली जाते, आणि आपण मोबाइल उघडून चित्र काढून देणाऱ्या एआयच्या साधनाला दोन शब्द लिहून देतो. येते ते चित्र सुंदर असते. ते बरोबर असते का, आणि बरोबर यावे म्हणून त्याला काय लिहायचे, एवढ्याच गोष्टीवर मी आज बोलणार आहे. असे लिहून देण्याला प्रॉम्प्ट म्हणतात. मी 'सूचना' म्हणेन.

उदाहरण एकच घेतो, जलचक्राचे. सातवीतल्या आपल्या एका मुलीला हा विषय मिळाला आहे आणि तिचे काम आपण गेल्या दोन शनिवारी मिळून केले. तिचे आजोबा पारधी वस्तीवर राहतात. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे घेऊन रांगेत उभे राहणे हे तिचे रोजचे काम. तेव्हा पाणी कुठून येते या प्रश्नावर तिला बोलायला लावणे ही गंमत नाही.

आधी मी मुद्दाम अगदी ढोबळ सूचना दिली, म्हणजे सगळ्यांना काय होते ते दिसावे. 'जलचक्राचे चित्र काढून दे', एवढेच. मिनिटभरात चित्र आले. निळा समुद्र, त्यामागे बर्फाने झाकलेली टोकदार शिखरे, पायथ्याला सूचिपर्णी झाडे, एक पांढरा ढग आणि ठळक निळे बाण. समुद्रातून चहाच्या किटलीसारखी पांढरी वाफ वर चाललेली. जमिनीखाली एक मोठे निळे तळे. आणि सगळीकडे मराठीसारखी दिसणारी अक्षरे. मुली म्हणाल्या, किती छान. मग मी त्यांना नावे वाचायला सांगितले. एकालाही 'बाष्पीभवन' वाचता येईना, कारण तिथे तसे लिहिलेलेच नव्हते. शिरोरेषा होती, काने होते, मध्येच एखादे खरे अक्षर होते, पण शब्द नव्हता.

असे का होते ते थोडक्यात सांगतो. हे साधन पाण्याचा विचार करून चित्र काढत नाही. त्याने लाखो चित्रे आणि त्यांच्याबरोबरचे शब्द पाहिलेले असतात, आणि 'जलचक्र' या शब्दाला त्या चित्रांत जे सर्वांत जास्त वेळा दिसले ते ते पुन्हा मांडते. ती चित्रे बहुतेक थंड देशांतल्या पुस्तकांची, म्हणून बर्फ आणि सूचिपर्णी झाडे. अक्षरांचेही तसेच. बऱ्याच वेळा ते लिहीत नाही, अक्षरांचे आकार रंगवते. इंग्रजी लेबल असलेली चित्रे त्याने ढिगाने पाहिली आहेत, देवनागरीची त्या मानाने थोडी. त्यातून आपली जोडाक्षरे, 'ष्प' काय, 'ंद्री' काय, त्याला अवघड जातात. नवी साधने यात सुधारत आहेत, पण एका शब्दात चूक निघाली तरी तो शब्द वर्गातली तीस मुले वहीत उतरवतात.

म्हणून आमचा पहिला नियम ठरला. चित्र साधनाने काढायचे, अक्षरे आणि बाण आपण घालायचे. सूचनेत स्पष्ट लिहायचे की चित्रात एकही अक्षर, अंक किंवा बाण नको. अक्षरांचे कारण तुम्हाला पटले असेल. बाणांचे कारण थोडे वेगळे आहे. आकृतीमध्ये सगळा अर्थ बाणातच असतो. डोंगर, ढग, समुद्र ही नुसती पार्श्वभूमी झाली. पाणी कुठून कुठे गेले हे बाण सांगतो. आणि साधन बाण शोभेसाठी काढते. आमच्या पहिल्या चित्रात एक बाण ढगातून निघून पुन्हा त्याच ढगात येत होता. दुसरा नदीवर होता, पण डोंगराकडे तोंड करून. दिसायला अगदी डौलदार. परीक्षा सोपी आहे. प्रत्येक बाणावर बोट ठेवायचे आणि मुलाला विचारायचे, कोण निघाले, कुठून निघाले, कुठे पोचले? तिन्हीची उत्तरे आली नाहीत तर तो बाण काढून टाकायचा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चित्र साधनाकडून मागण्याआधी आपल्याला ते डोळ्यांसमोर आणता आले पाहिजे. आपल्या मुलीला मी विचारले, आपल्याकडचे पाणी कुठून येते? ती म्हणाली, 'कालव्यातून. नाहीतर टँकरमधून.' आणि चित्राकडे बघून म्हणाली, 'सर, यात कालवाच नाही.'

तिचे बोलणे फार खरे होते. 2019 साली 'नेचर जिओसायन्स' या शास्त्रीय मासिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वेगवेगळ्या देशांतली जलचक्राची साडेचारशेहून जास्त चित्रे त्या शास्त्रज्ञांनी तपासली. माणूस पाण्याचे जे करतो, म्हणजे धरण, कालवा, शेती, उपसा, त्यातले काहीही दाखवणारी चित्रे शंभरात पंधराच्या आसपास निघाली. बाकी सगळीकडे माणसाशिवायची स्वच्छ निसर्गरम्य पृथ्वी. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जलचक्राचे जुने चित्र जगभरच्या शाळांत वापरले जाई. त्या खात्याने 2022 मध्ये नवे चित्र काढले आणि त्यात शेती, शहरे, धरणे, उपसा दाखवला. पण साधनाने शिकलेली चित्रे बहुतेक जुन्या वळणाची. म्हणजे आपण सांगितल्याशिवाय त्याच्या चित्रात कालवा येणार नाही.

मग आम्ही फळ्यावर आपला भाग आडवा काढला. पश्चिमेला, म्हणजे डाव्या हाताला, अरबी समुद्र. नंतर कोकणाची चिंचोळी पट्टी आणि सह्याद्रीचा उभा कडा. पावसाळ्यात समुद्रावरून बाष्प घेऊन येणारा वारा त्या कड्याला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस तिथेच पाडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत वारा कोरडा होतो. त्यामुळे महाबळेश्वरला आपल्या दसपट पाऊस, आणि इंदापूर-बारामतीकडे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास. याला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात, हे मुलांच्या भूगोलात आहेच. घाटातले ते पाणी भोरकडे भाटघर धरणात अडते, खाली नीरेवर वीर धरण आहे, आणि वीरपासून नीरा डावा कालवा निघून बारामती, इंदापूर तालुक्यांत येतो. कालव्याचे पाणी म्हणजे घाटातला पाऊस, हे त्या मुलीला पहिल्यांदा कळले तेव्हा तिने दोनदा विचारले, 'तोच पाऊस?'

पुढची गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पुस्तकातल्या चित्रात नदी वाहत जाऊन त्याच समुद्राला मिळते, जिथून बाष्प निघाले होते. आपल्याकडे तसे होत नाही. कळसच्या दक्षिणेला नीरा, उत्तरेला भीमा आणि उजनीचे पाणी. नीरा आपल्याच तालुक्यात नरसिंहपूरला भीमेला मिळते, भीमा पुढे कर्नाटकात कृष्णेला, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्रावरून आलेले पाणी दुसऱ्याच समुद्रात जाते. म्हणजे आपल्या चित्रात समुद्र दोन हवेत, एक डाव्या कडेला, एक उजव्या. चक्र मोडले का, असे एका मुलाने विचारले. मोडले नाही, ते मोठे आहे. समुद्र एकमेकांना जोडलेले आहेत आणि वारे सगळीकडे फिरतात. फक्त आपल्या तालुक्यापुरते पाहिले तर पाणी एका दाराने येते आणि दुसऱ्या दाराने जाते.

तिसरी गोष्ट जमिनीखालची. साधनाने काढलेले निळे तळे आपल्याकडे नाही. आपल्या पायाखाली बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग कातळ. पाणी मुरमाच्या पोकळ जागेत आणि कातळाच्या भेगांत असते. म्हणून शेजारी शेजारी दोन बोअर घेतल्या तर एकीला भेग लागते आणि दुसरी कोरडी जाते. ज्यांनी बोअर मारली आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. तळे दाखवले तर मुलाला वाटते की खाली पाणी भरून ठेवले आहे, कितीही उपसा. विज्ञानाच्या दृष्टीने चित्रातली ही चूक मला बर्फापेक्षा मोठी वाटते.

आता ही सगळी माहिती सूचनेत कशी लिहायची ते पाहू. सूचना लिहिताना आधी सांगायचे की चित्र कशासाठी आहे आणि कसले आहे. मग मांडणी, डावीकडून उजवीकडे, एकेक वस्तू कुठे आहे ते. मग जमिनीच्या आतले. आणि शेवटी काय नको ते. गवंड्याला घर समजावून सांगतो तसे. आम्ही लिहिलेली सूचना वाचून दाखवतो:

'शाळेतल्या सादरीकरणासाठी जलचक्राची साधी आकृती काढ. चित्र आडवे, रुंदी सोळा आणि उंची नऊ या प्रमाणात. जमीन उभी कापून बाजूने पाहिल्यासारखी दिसावी. सपाट रंग, जाड स्वच्छ रेषा, फिके आकाश. डाव्या कडेला निळा समुद्र आणि त्याच्या वर सूर्य. समुद्राच्या उजवीकडे सपाट माथ्याचे तपकिरी-हिरवे डोंगर. समुद्राच्या बाजूला उभा कडा, उजवीकडे हळूहळू उतार. डोंगरमाथ्यावर करडा ढग आणि त्यातून डोंगरावर पडणारा पाऊस. उजव्या उतारावर एक धरण. धरणातून नदी उजवीकडे वाहते आणि चित्राच्या अगदी उजव्या कडेला असलेल्या दुसऱ्या निळ्या समुद्राला मिळते. मधल्या सपाट भागात उसाचे शेत, धरणाकडून शेताकडे येणारा सरळ कालवा, एक विहीर आणि दोन लहान घरे. कापलेल्या जमिनीत तीन थर: वर काळी माती, मध्ये पिवळसर मुरूम, खाली भेगा असलेला काळा खडक. मुरमात आणि भेगांत लहान निळे ठिपके. चित्रात अक्षरे, अंक आणि बाण नसावेत. आकाशात नावे लिहायला मोकळी जागा ठेव.'

एवढेच. यात 'सुंदर', 'आकर्षक', 'उत्तम दर्जाचे' हे शब्द नाहीत, कारण त्यांनी चित्रात फुले, फुलपाखरे आणि चमकणारे किरण वाढतात, माहिती वाढत नाही. आणखी एक बघा. मी 'बर्फ नको' असे लिहिले नाही. कारण नको म्हटलेली वस्तूही शब्दात आली की बऱ्याचदा चित्रात उतरते. त्याऐवजी काय हवे ते लिहायचे: सपाट माथ्याचे तपकिरी-हिरवे डोंगर. बर्फाला जागाच राहत नाही. अक्षरे आणि बाणांपुरते मात्र 'नको' लिहावेच लागते, त्याला दुसरा शब्द नाही.

ही सूचना मराठीतच दिली आणि ती समजली. 'मुरूम', 'कडा' असे शब्द कधी अडतात. मग शब्द बदलण्यापेक्षा वस्तूचे वर्णन करावे, जसे की 'पिवळसर, भुसभुशीत, बारीक दगडांचा थर'.

दुसरे चित्र पुष्कळ जवळ आले, पण पूर्ण नाही. तीन गोष्टी चुकल्या होत्या. पाऊस डोंगरावर न पडता उसावर पडत होता. समुद्रातून वाफेचे पांढरे लोट पुन्हा आले होते, न मागता. आणि नदी उजव्या समुद्राच्या अलीकडेच संपली होती. अशा वेळी सगळी सूचना नव्याने लिहायचा मोह होतो. तो आवरावा. त्याच संभाषणात, त्याच चित्राखाली, एका वेळी एकच दुरुस्ती सांगावी आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायला सांगावे. 'बाकी सर्व तसेच ठेव. ढग आणि पाऊस डावीकडे सरकवून डोंगरमाथ्यावर आण.' मग पुढची. तीन दुरुस्त्या एकदम सांगितल्या की दोन होतात आणि चौथीच काहीतरी नवी चूक येते. प्रत्येक चित्र आले की आधीचे मोबाइलमध्ये साठवून ठेवावे, कारण कधी कधी दुरुस्तीनंतरचे चित्र आधीच्यापेक्षा वाईट निघते आणि मागे यावे लागते. फुकट खात्यावर दिवसाला मोजकीच चित्रे मिळतात, म्हणून दुरुस्ती कागदावर ठरवून मगच लिहावी.

पांढऱ्या वाफेवर मी जरा थांबतो, कारण ही चूक चांगल्या छापील चित्रांतही दिसते. पाण्याची वाफ, म्हणजे बाष्प, डोळ्यांना दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी जो पांढरा लोट दिसतो ती वाफ नसते. वाफ थंड होऊन झालेले ते पाण्याचे बारीक थेंब असतात. तोंडाला अगदी लागून जी बोटभर मोकळी जागा दिसते, तिथे खरी वाफ आहे. ढगही थेंबांचा किंवा हिमकणांचा असतो. समुद्राचे पाणी उकळत नाही, ते उन्हाने आणि वाऱ्याने हळूहळू उडते, दोरीवरचे लुगडे वाळते तसे. म्हणून बाष्पीभवन दाखवायला चित्रात लोट नको, आपण नंतर घातलेला तुटक रेषेचा बाण पुरे. तुटक रेषा म्हणजे न दिसणारे पाणी, सलग रेषा म्हणजे दिसणारे पाणी, असा आम्ही नियम केला. मुलीला तो लगेच आवडला.

चौथ्या प्रयत्नात चित्र हाती आले. पुढचे काम सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. चित्र स्लाइडभर पसरवायचे आणि वर बाण, नावे घालायची. बाण आम्ही सहाच ठेवले. समुद्रावरून वर तुटक बाण, बाष्पीभवन. वर ढगापाशी सांद्रीभवन. ढगातून खाली पर्जन्य. धरणातून नदीच्या कडेने उजव्या समुद्रापर्यंत वाहते पाणी. शेतातून खाली मुरमात मुरणे. आणि उसाच्या पानांतून वर लहान तुटक बाण, बाष्पोत्सर्जन. शब्द पाठ्यपुस्तकातले ते घ्यावेत. 'संघनन' असेही म्हणतात, पण मुलाच्या पुस्तकात 'सांद्रीभवन' असेल तर तोच शब्द. कालव्याला बाण नाही, फक्त 'कालवा' असे नाव, कारण सातवा बाण आला की मागच्या बाकावरून काहीच दिसत नाही. आणखीही कितीतरी दाखवता आले असते. साधी आकृती हवी असेल तर ज्ञान असूनही सोडून द्यावे लागते, आणि हे आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना फार जड जाते.

प्रत्येक बाण एकेका टिचकीने येईल असे अ‍ॅनिमेशन लावले. यात शोभा काही नाही. मूल घाबरले तरी पुढचा बाण आला की पुढचे वाक्य आठवते.

अक्षरांविषयी एक सावधगिरी. आपल्याकडे अजून पुष्कळ जण जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करतात. तो फॉन्ट शाळेच्या संगणकात नसला तर 'बाष्पीभवन'च्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा दिसतो. युनिकोड मराठीतच टाइप करावे. मोबाइलचा मराठी कळफलक युनिकोडच असतो. अक्षर निदान अठ्ठावीस पॉइंटचे ठेवावे. शिवाय फाइल दोन प्रकारे न्यावी, एक मूळ सादरीकरण आणि एक पीडीएफ. पीडीएफमध्ये अ‍ॅनिमेशन चालत नाही, पण अक्षरे मोडत नाहीत.

मुलीला कोणते प्रश्न येतील याचीही आम्ही तयारी केली. पहिला, 'हे चित्र मापात आहे का?' नाही. कळसपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर आहे आणि सह्याद्री चित्रात आहे तेवढा उंच नाही. म्हणून चित्राच्या कोपऱ्यात 'प्रमाणानुसार नाही' असे लिहिले. दुसरा प्रश्न एखादे हुशार मूल विचारीलच: 'आपल्याकडे पाऊस तर सप्टेंबरात जास्त पडतो, आणि ढग पूर्वेकडून येतात, मग चित्रात सगळा पाऊस पश्चिमेचा कसा?' हा प्रश्न योग्य आहे. आपल्या भागातला बराच पाऊस पावसाळ्याच्या शेवटी पडतो. त्यात दुपारनंतरचे गडगडाटी ढग असतात आणि बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टेही असतात. चित्रात फक्त एक वाट दाखवली आहे, कालव्याच्या पाण्याची. तिने तसेच सांगावे असे ठरले.

तिसरा प्रश्न शिक्षक विचारतील, चित्र कुणी काढले? त्याचे उत्तर स्लाइडच्या तळाशी लहान अक्षरांत आहे: चित्र एआय साधनाने काढले, मांडणी, बाण आणि नावे विद्यार्थिनीची. ज्या मुलाला हाताने चित्र काढता येते त्याने मात्र या साधनाच्या नादी लागू नये. कार्डशीटवर खडूने काढलेल्या चित्राचा मोबाइलने फोटो घेतला तर तोही स्लाइडवर तितकाच छान दिसतो, आणि दुरुस्त्यांचे चार फेरे वाचतात.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. या साधनांच्या खात्याला वयाची अट असते, म्हणून खाते आपल्यापैकी मोठ्या माणसाचेच वापरावे आणि मूल शेजारी बसलेले असावे. मुलाचे नाव, शाळा, फोटो यांतले काहीही सूचनेत लिहू नये. पाण्याचे चित्र काढायला त्याची गरजच नसते. आणि चित्राचे एक रंगीत प्रिंट मोठ्या कागदावर काढून मुलीच्या दप्तरात ठेवले आहे. बाणांचे सहा कागदी तुकडे तिने स्वतः कापले आहेत, मागे दुहेरी चिकटपट्टी लावून. त्या दिवशी वीज गेली तर फळ्यावर कागद लावून तेच बाण ती एकेक करून चिकटवील.